संकट टळल्यावर गळणारे केस

२०२१ चे एप्रिल आणि मे महिने महाराष्ट्रातल्या घराघराने कसे काढले, हे वेगळं सांगायला नको. खाट, ऑक्सिजन, इंजेक्शन यांच्यामागे धावण्यात दिवस-रात्र एक झाली होती. जुलै-ऑगस्ट उजाडला तेव्हा लाट ओसरली होती, माणसं कामाला लागली होती, आणि नेमकं तेव्हाच त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत वेगळीच गर्दी दिसू लागली. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत केसांचा गुंता घेऊन येत होतं, कुणी मोबाइलवर न्हाणीघरातल्या जाळीचा फोटो दाखवत होतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. आजारात काही झालं नाही, आता मी ठणठणीत बरी आहे, मग केस आता का गळताहेत?

या ‘आता का’चं उत्तर वैद्यकाला बरंच आधी सापडलेलं आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा लांबलेला ताण यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी डोकंभर केस गळू लागतात, या प्रकाराला १९६१ मध्ये अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असं नाव दिलं. (हेच क्लिगमन पुढे फिलाडेल्फियाच्या तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे बदनाम झाले; पण केसांबद्दलचं त्यांचं निरीक्षण टिकलं.) टाकीमुळे नळाचं पाणी बदललं, शाम्पू लागला नाही, डोक्याला तेल मिळालं नाही, असे तर्क लढवण्याआधी त्या निरीक्षणाचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे, कारण तो बोटांवर मोजता येतो.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका बारीक कूपातून उगवतो आणि प्रत्येक कूप आपापल्या वेळापत्रकाने चालतो. दोन ते सहा वर्षं तो केस वाढवत राहतो. हा वाढीचा काळ, ॲनाजेन. मग दोन-तीन आठवड्यांत कूप आवरतं घेतो, आकसतो, आणि पुढचे साधारण तीन महिने स्वस्थ बसतो. हा विश्रांतीचा काळ म्हणजे टेलोजेन. या काळात केस वाढत नाही, पण पडतही नाही; कूपात नुसता अडकून असतो. विश्रांती संपली की कूप पुन्हा कामाला लागतो, खालून नवा केस उगवू लागतो आणि जुना सुटतो.

कूपांची वेळापत्रकं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आपल्याला यातलं काही कळत नाही. कोणत्याही दिवशी दहातले एक-दीड केस विश्रांतीत असतात. सोपा आकडा धरू: एक लाखापैकी दहा टक्के, म्हणजे दहा हजार. ते सुमारे शंभर दिवसांत आळीपाळीने सुटतात, म्हणजे रोजचे शंभर. कंगव्यात, उशीवर, ओढणीला चिकटलेले हे शंभर केस निरोगी माणसाचे असतात.

आता शरीरावर मोठा आघात झाला आणि वाढीच्या काळात असलेल्या पुष्कळशा कूपांनी एकदमच काम थांबवलं, असं समजा. विश्रांतीतल्या केसांचं प्रमाण दहावरून तीस टक्क्यांवर गेलं. त्या दिवशी काहीच दिसणार नाही. महिनाभरानेही दिसणार नाही, कारण थांबलेले केस अजून कूपात घट्ट आहेत. तिसऱ्या महिन्याच्या आसपास मात्र हे तीस हजार केस सुटायला लागतील आणि शंभर दिवसांत वाटून टाकले तरी रोजचे तीनशे होतील. न्हाणीघरातली जाळी तुंबते ती इथे. तोवर आघात विस्मरणात गेलेला असतो आणि संशय येतो मागच्या आठवड्यात आणलेल्या शाम्पूवर.

याच हिशोबात दिलासाही आहे. सगळे वाढीव केस गेले तरी कमी झाले ते वीस हजार, म्हणजे पाचातला एक. वेणी हातात धरली की बारीक लागते, रबरबँडला एक वेढा जास्त घालावा लागतो, पण टक्कल पडत नाही. हा प्रकार तीव्र झाला तरी निम्म्याहून जास्त केस सहसा विश्रांतीत जात नाहीत. पेशंट म्हणते ‘अर्धे केस गेले’ आणि नवरा म्हणतो ‘मला तर काही फरक दिसत नाही’. या भांडणात बरेचदा दोघंही आपापल्या जागी खरे असतात. तिने गळालेले मोजलेले असतात, तो उरलेले पाहत असतो.

गळालेला केस नीट पाहिला तर टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढाही नसलेला गोळा दिसतो. ‘मुळासकट निघाला’ म्हणून सगळ्यात जास्त घाबरवतो तो हाच. प्रत्यक्षात ते मूळ नव्हेच. विश्रांतीत गेलेल्या केसाचं खालचं टोक असंच गोळीसारखं जाडसर आणि रंगहीन होतं. केस तयार करणारा कूप त्वचेत जिथल्या तिथे शाबूत असतो आणि पुष्कळदा त्याने नवा केस उगवायला घेतलेलाही असतो. दुधाचा दात पडतो तेव्हा खाली पक्का दात वर येत असतो, तसाच काहीसा हा मामला आहे. म्हणजे सगळ्यात जास्त केस गळण्याचे आठवडे आणि नवे केस निघण्याचे आठवडे बरेचसे एकच असतात, ही गोष्ट आरशासमोर उभं राहून पटणं कठीण आहे खरं.

ताप किंवा शस्त्रक्रिया यांना तारीख असते. लांबलेल्या ताणाला ती नसते, आणि तिथेच गोंधळ होतो. अनेकींच्या हकिकती एकत्र करून एक नमुना मांडू. नाशिकमध्ये बँकेत नोकरी करणारी छत्तीस वर्षांची बाई. जानेवारीत वडिलांना पक्षाघात झाला. पहिले तीन आठवडे अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर गेले. मग नोकरी, घर, दवाखाना अशी तिहेरी पळापळ. जेवण म्हणजे चहा-बिस्कीट नाहीतर वडापाव, झोप चार-पाच तास. एप्रिलच्या शेवटी वडील काठी घेऊन चालायला लागले, घरी आले. तिचं वजन तोवर सहा किलोंनी उतरलं होतं आणि त्याबद्दल शेजारणी कौतुकच करत होत्या.

तिचे केस मे महिन्यात जरा जास्त गळू लागले, जूनमध्ये मुठीने यायला लागले आणि जुलैत कहर झाला. जुलैत घरात कसलाच ताण नव्हता, म्हणून हे ताणामुळे असेल असं तिच्या मनातही आलं नाही. कॅलेंडर तीन महिने मागे उलटलं तर मात्र सगळं जागच्या जागी बसतं. मेमधले केस फेब्रुवारीत थांबलेले होते, जूनमधले मार्चमध्ये, जुलैतले एप्रिलमध्ये. आघात एका दिवसाचा नव्हता, तो चार महिने चालला होता, म्हणून कूपही टप्प्याटप्प्याने थांबले आणि गळतीही तितकीच लांबली. सप्टेंबरपासून जाळीतले केस कमी झाले. दिवाळीच्या सुमारास भांगाशेजारी आणि कपाळावर दोन-तीन सेंटिमीटरचे उभे राहणारे, तेल लावूनही न बसणारे केस दिसू लागले. ते तिला तुटलेले वाटले. टोकं निमुळती होती, म्हणजे ते नवे होते; तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं.

आता प्रश्न असा, की मनातली काळजी केसाच्या कूपापर्यंत पोहोचते कशी? यावर २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्ड विद्यापीठातल्या या-चिए श्यू यांच्या प्रयोगशाळेचं काम प्रसिद्ध झालं. प्रयोग उंदरांवर होता. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांत ताणाचं संप्रेरक वाढतं. ते कूपाच्या बुडाशी असलेल्या पेशींच्या एका झुबक्यावर काम करतं आणि त्या पेशींना गॅस-६ नावाचं प्रथिन सोडू देत नाही. हे प्रथिन मिळालं तरच कूपातल्या मूळपेशी जाग्या होतात. ते नाही मिळालं तर कूप विश्रांतीतच पडून राहतो. ताणाखालच्याच उंदरांना हे प्रथिन पुरवलं तेव्हा त्यांचे केस पुन्हा वाढायला लागले. म्हणजे ताणाने मूळपेशी मेल्या नव्हत्या, फक्त झोपलेल्या राहिल्या होत्या. माणसाचं डोकं म्हणजे उंदराची पाठ नव्हे, त्यामुळे यातून उद्या औषध निघेल असं कुणी समजू नये; पण गळती तात्पुरती का असते याचं कारण मात्र या प्रयोगात दिसतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया यांचा केसगळतीशी असलेला संबंध पक्का आहे. निव्वळ मानसिक ताणाचा पुरावा तेवढा भक्कम नाही, कारण ताण एकटा येत नाही. नाशिकच्या त्या बाईंचं काय झालं? झोप गेली, प्रथिनं गेली, सहा किलो वजन गेलं. यातलं प्रत्येक कारण केस गळायला पुरेसं आहे. घाईघाईने वजन उतरवणाऱ्यांचे केस असेच गळतात, आणि त्यांना तर कसला ताण नसतो, उलट आनंदच असतो. म्हणून ‘ताणामुळे आहे, ताण घेऊ नका’ असं सांगून पेशंटला वाटेला लावणारा डॉक्टर अर्धंच काम करतो. रोजच्या ऑफिसातल्या कटकटीला तर उगाचच जबाबदार धरलं जातं.

बाळंतपणाचं गणित थोडं वेगळं आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे पुष्कळ केस वाढीच्या काळातच धरून ठेवलेले असतात, म्हणून त्या महिन्यांत वेणी कधी नव्हे इतकी दाट होते. प्रसूतीनंतर ही पकड सुटते, इतके दिवस रोखलेले केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात. गंमत म्हणजे त्याच सुमारास बाळाचंही जावळ डोक्याच्या मागच्या बाजूने विरळ होत असतं, आणि दोष मात्र उशीला किंवा मालिशवाल्या बाईला दिला जातो.

गळती सुरू झाली की घरोघरी एक चूक ठरलेली. केस गळतात म्हणून धुणं कमी केलं जातं. आठवड्यातून तीनदा न्हाणारी एकदाच न्हाऊ लागते. सुटलेले केस मग डोक्यातच गुंतून राहतात आणि न्हायच्या दिवशी सहा-सात दिवसांचे एकदम हाती येतात. रोजचे शंभर धरले तरी तो गोळा बघवत नाही. ती आणखी घाबरते आणि धुणं आणखी लांबवते. धुण्याने किंवा विंचरण्याने निघणारा केस आधीच सुटलेला असतो, आज नाही तर परवा तो पडणारच होता.

दुसरा मुद्दा तेलांचा. माका, जास्वंद, कांद्याचा रस, कढीपत्ता, आणि आता इन्स्टाग्रामवर विकली जाणारी चारशे रुपयांची बाटली. तेलाने केस मऊ होतात, गुंता कमी होतो, तुटणं कमी होतं, हे खरं. पण विश्रांतीत गेलेला केस तेलाने परत जागा होत नाही. तरीही ‘या तेलाने माझे केस गळायचे थांबले’ असं शपथेवर सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात. ही गळती बहुतेकांत तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. माणूस पहिला महिना वाट पाहतो, दुसऱ्या महिन्यात आईने सांगितलेलं करतो, तिसऱ्यात महागडी बाटली आणतो आणि चौथ्यात गळती थांबते. श्रेय शेवटच्या बाटलीला जातं. महागड्या इंजेक्शनांची पॅकेजेस विकणारे काही दवाखानेही याच वेळापत्रकावर पोसलेले आहेत.

मग डॉक्टरकडे जायचंच नाही का? जायचं, पण ‘केस गळतात’ याचा अर्थ प्रत्येक वेळी हाच असतो असं नाही, हे तपासण्यासाठी. चांगला तज्ज्ञ आधी मागच्या सहा महिन्यांचा इतिहास विचारतो: ताप, डेंग्यू, शस्त्रक्रिया, बाळंतपण, वजन, नवीन सुरू केलेली किंवा बंद केलेली गोळी. मग बोटांच्या चिमटीत पन्नास-साठ केस धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढतो. आदल्या दिवशी केस धुतलेले नसावेत, ही अट. पाच-सहापेक्षा जास्त केस सहज हातात आले आणि सगळ्यांच्या टोकाला पांढरी गोळी असली, तर सक्रिय गळती आहे असं समजतात. अशी ओढ डोक्यावर तीन-चार ठिकाणी देऊन पाहतात, कारण या प्रकारात गळती सगळीकडे सारखी असते.

नखंही बघितली जातात. मोठ्या आजारात नखाची वाढ काही दिवस खुंटते आणि तिथे आडवी खाच राहते. फ्रेंच डॉक्टर बो यांनी एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे खाच बुडापासून नऊ मिलिमीटरवर असेल तर घटना तीन महिन्यांपूर्वीची. केस गळायला लागल्याची तारीख आणि नखावरची खाच एकाच महिन्याकडे बोट दाखवत असतील, तर निदानाला दुसरा साक्षीदार मिळतो.

न जुळणाऱ्या खुणाही आहेत. नाण्याएवढे गुळगुळीत चकंदळ पडले तर ती चाई, तिचं कारण आणि उपचार वेगळे. भांग रुंदावत चालला असेल, गळालेल्या केसांत आखूड आणि अगदी बारीक केस जास्त असतील, तर ती आनुवंशिक विरळता असण्याची शक्यता मोठी. ती आपोआप परतत नाही, आणि ताणानंतरच्या गळतीने पुष्कळदा तिच्यावरचा पडदा दूर होतो. टाळूला खाज, आग, पू किंवा चकचकीत व्रण असेल तर एक आठवडाही थांबू नये.

आणि वेळेचं भान ठेवावं. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत झडून टक्कल पडत होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे तीन महिन्यांची वाट नव्हती, सगळं दिवसांत घडत होतं. असं दिसलं की हा लेख बाजूला ठेवून आधी अन्नपाणी आणि विषबाधा यांचा विचार करावा लागतो.

रक्ताच्या तपासण्या फार लागत नाहीत: हिमोग्लोबिन, शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत लोहाचा साठा रिता असणं इथे अगदीच नेहमीचं आहे, आणि तो भरल्याशिवाय गळती लांबत राहू शकते. यात एक खोच आहे. केसांसाठी म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि ते काही प्रयोगशाळांच्या यंत्रांना फसवतं. टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं आणि नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर उमटतो. म्हणून तपासणीआधी अशी गोळी घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं आणि ते म्हणतील तितके दिवस ती बंद ठेवावी.

मिनॉक्सिडिल हे औषधही स्वतःच्या मनाने लावू नये. ते विश्रांतीतल्या कूपांना लवकर उठवतं, आणि कूप उठला की जुना केस पडतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते. आधीच घाबरलेल्या माणसाने ती पाहून औषध सोडलं की दोन्हीकडून नुकसान.

गळती थांबणं आणि केस पूर्वीसारखे दिसणं यांत मात्र बरंच अंतर आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. नाशिकच्या बाईंच्या डोक्यावर दिवाळीपर्यंत नवे केस पुरेसे उगवले होते, पण ते बोटाच्या पेराएवढे होते. खांद्यापर्यंत यायला त्यांना अडीच-तीन वर्षं लागणार. दरम्यान मुळाशी दाट आणि शेपटाला बारीक अशी वेणी राहते, आणि ‘केस परत आलेच नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा त्या शेपटाकडे बघूनच केली जाते. केस खांद्यापर्यंत कापले तर हा फरक लवकर मिटतो. साधारण वर्ष-दीड वर्षात दाटपणा डोळ्यांना जाणवू लागतो.

सहा महिने उलटूनही जाळीत तेवढेच केस दिसत असतील तर हिशोब पुन्हा मांडावा लागतो. एकतर मधे दुसरा आघात झालेला असतो: डेंग्यू, उपास, पुन्हा तोच ताण. नाहीतर लोह, थायरॉइड किंवा एखादी चालू गोळी यांपैकी काहीतरी सापडायचं राहिलेलं असतं. तिशी ते साठीच्या काही बायकांत यातलं काहीच नसताना गळती वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहते. तिला जुनाट प्रकार म्हणतात. त्यातही टक्कल पडत नाही. पण निदान पक्कं करण्यासाठी अशा वेळी तज्ज्ञ दुर्बिणीतून टाळू पाहतात, आणि क्वचित त्वचेचा मिरीएवढा तुकडा काढून कूप कोणत्या अवस्थेत आहेत ते मोजतात.